बारा बाय दहाच्या खोलीतला बेस

दुकानात ऐकलेला स्पीकर घरी आणला की वेगळाच वाजतो, ही तक्रार जुनी आहे. दुकानात भरीव आणि नेटका वाटलेला बेस घरी बिघडतो. बेस गिटारचा एखादा सूर अंगावर येतो, त्याच्या शेजारचा ऐकूच येत नाही, डग्ग्याचा घुमारा मध्येच फुगतो आणि मध्येच विरतो. माणूस मग वायर बदलून बघतो, ॲम्प्लिफायर बदलतो, शेवटी स्पीकरच विकायला काढतो. दोष बहुतेक वेळा यातल्या कशातच नसतो. लहान खोलीत शंभर हर्ट्झच्या खाली काय ऐकू येणार, हे स्पीकरपेक्षा खोलीची लांबी-रुंदी-उंचीच जास्त ठरवते. ते आधी कागदावर मांडता येतं आणि नंतर मायक्रोफोन लावून तपासताही येतं.

उदाहरणासाठी आपल्याकडच्या फ्लॅटमधली नेहमीची बेडरूम घेऊ: १२ फूट लांब, १० फूट रुंद, छत साडेनऊ फुटांवर. भिंती विटांच्या, वर-खाली स्लॅब, जमिनीला टाइल्स. दहा फुटांच्या भिंतीला लागून दोन स्पीकर ठेवलेत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, आणि ऐकणारा त्यांच्याकडे तोंड करून बरोबर मधल्या रेषेवर बसलाय.

लहर परतते तेव्हा

हवेत आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. सूर जितका खालचा, तितकी त्याची लहर लांब. शिट्टीसारख्या १००० हर्ट्झच्या सुराची लहर फुटाहून थोडीच मोठी असते. ४७ हर्ट्झच्या सुराची मात्र २४ फूट भरते. आपल्या खोलीत हा ४७ हर्ट्झचा सूर लावला असं धरा. लहर स्पीकरमागच्या भिंतीपाशी निघते, १२ फूट जाऊन समोरच्या भिंतीवर आपटते आणि १२ फूट परत येते. एकूण प्रवास २४ फूट, म्हणजे नेमकी एक लहर. ती परत पोचते त्याच वेळी स्पीकरमधून पुढची लहर निघत असते आणि दोन्ही एकमेकींवर बरोबर बसतात. पुढच्या फेरीत आणखी भर पडते. काही फेऱ्यांतच तो सूर स्पीकरने दिला त्याहून कितीतरी मोठा होतो. ४२ किंवा ५२ हर्ट्झच्या सुराचा हा मेळ तितका जमत नाही. परतलेली लहर थोडी आधी किंवा थोडी उशिरा पोचते आणि नव्या लहरीला पुरती साथ देत नाही.

जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लहरी अशा मिसळल्या की पुढे सरकणारं काही उरत नाही; दाब जागच्या जागी वर-खाली होत राहतो. हीच स्थिर लहर. पाण्याने भरलेली परात दोन्ही हातांनी उचलून नेताना पाणी कसं डुचमळतं ते आठवा. एका काठाशी पाणी चढतं तेव्हा समोरच्या काठाशी उतरतं, मग उलट होतं. मधोमध मात्र पाण्याची पातळी जवळजवळ हलत नाही. खोलीत पाण्याच्या पातळीऐवजी हवेचा दाब धरायचा. भिंतीपाशी दाबाची चढउतार सर्वांत जास्त, खोलीच्या मध्यावर जवळपास शून्य. आणि आपला कान ऐकतो तो दाबच. म्हणून ४७ हर्ट्झचा एकच सूर सतत चालू ठेवून या खोलीत चालत गेलं, तर भिंतीशी तो दणदणतो आणि सहा फुटांवर, खोलीच्या मध्यात, अचानक गायब झाल्यासारखा वाटतो. स्पीकरचा आवाज कुणी कमी-जास्त केलेला नसतो.

४७ हा आकडा काढायला फार गणित लागत नाही. ५६५ ला फुटांतल्या अंतराने भागायचं. लांबी १२ फूट, म्हणून ४७ हर्ट्झ. रुंदी १० फूट, म्हणून ५६.५. उंची साडेनऊ, म्हणून ५९.५. या प्रत्येकाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेलाही स्थिर लहर उभी राहते. लांबीची दुसरी ९४ हर्ट्झवर येते. याशिवाय काही लहरी दोन-दोन जोड्या भिंतींवर आपटत तिरक्या फिरतात, काही सहाही बाजूंना शिवून येतात. त्यांच्या वारंवारता आपल्या खोलीत ७३.५, ७६, ८२ आणि ९४.५ अशा निघतात. स्टुडिओवाले या सगळ्यांना ‘रूम मोड’ म्हणतात.

मोठ्या सभागृहात हे का होत नाही

शंभर हर्ट्झच्या खाली या खोलीत किती मोड भरले? मोजून आठ. सगळी अडचण इथे आहे. आठ मोड म्हणजे आठच वारंवारतांना खोली उचलून धरणार आणि मधल्या फटींत सापडलेल्या सुरांना वाऱ्यावर सोडणार. बेस गिटारवर एकेक सूर चढत वाजवला की हे कळतं. ४६ आणि ४९ हर्ट्झचे सूर, म्हणजे एफ शार्प आणि जी, लांबीच्या मोडपाशी पडतात. ५८ चा बी फ्लॅट रुंदी आणि उंचीच्या मोडच्या मध्ये सापडतो; छत साडेनऊ आणि रुंदी दहा फूट असल्याने हे दोन मोड जवळजवळ एकाच जागी आले आहेत. त्यापुढे ५९.५ ते ७३.५ पर्यंत एकही मोड नाही, आणि ६५ चा सी नेमका त्या मोकळ्या पट्ट्यात पडतो. वाजवणाऱ्याने सगळे सूर सारख्याच जोराने छेडलेले असतात. असमान ते खोलीने केलेले असतात.

शंभराच्या वर मोडची संख्या भराभर वाढते. १०० ते २०० हर्ट्झच्या दरम्यान याच खोलीत पस्तीस-चाळीस मोड येतात. ते इतके दाट असतात की एकमेकांच्या फटी बुजवतात आणि कानाला एकेक वेगळा जाणवत नाही. दहा हजार घनमीटरच्या सभागृहात तर शंभर हर्ट्झच्या खालीच हजाराहून जास्त मोड असतात. मोड तिथेही आहेत, फक्त गर्दीमुळे निरुपद्रवी झालेत. मॅनफ्रेड श्रोडर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात या सीमेचा अभ्यास केला. मोड कुठवर सुटे राहतात आणि कुठून मिसळतात ती वारंवारता आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. खोलीचं घनफळ आणि आवाज विरायला लागणारा वेळ यावरून ती काढतात. आपल्या बेडरूममध्ये आवाज विरायला ०.४ सेकंद लागतात असं धरलं तर ती सुमारे २२० हर्ट्झ येते. दोन सेकंदांची आस असलेल्या त्या सभागृहात ती तिसाच्याही खाली जाते, जिथे संगीत जवळपास नसतंच.

आपल्याकडच्या बांधकामाने यात भर पडते. अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेले जिप्सम बोर्ड असतात. बेसचा दाब आला की ते थोडे हलतात, काही आवाज खातात, काही पलीकडे जाऊ देतात. प्लॅस्टर केलेली विटांची भिंत आणि काँक्रीटचा स्लॅब जवळपास हलतच नाहीत. आलेला बेस तसाच परत पाठवतात. म्हणून तिकडच्या पुस्तकातला ‘एवढं केलं की पुरे’ हा सल्ला इकडे अपुरा पडतो.

आलेख कसा काढायचा

कागदावरचा हिशेब मोड कुठे असतील ते सांगतो. तुमच्या खुर्चीपर्यंत त्यांतलं काय पोचतं हे मोजल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी एक मोजमापाचा मायक्रोफोन लागतो, ज्याच्यासोबत त्याच्या स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी कॅलिब्रेशन फाइल येते. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि खालचे सूर कापून टाकतो, त्यामुळे इथे तो भरवशाचा नाही. सॉफ्टवेअर म्हणून रूम ईक्यू विझार्ड बहुतेक लोक वापरतात. ते मोफत मिळतं.

मायक्रोफोन स्टँडवर लावून नेमका तिथे ठेवायचा जिथे ऐकताना तुमचं डोकं असतं, त्याच उंचीवर. पंखा आणि एसी बंद, दार नेहमी जसं असतं तसं. मग सॉफ्टवेअर एक सूर सोडतं. तो अगदी खालून सुरू होऊन चढत-चढत पाच-सहा सेकंदांत वर जातो. आधी डावा स्पीकर, मग उजवा, मग दोन्ही, अशी तीन मोजमापं घ्यावीत. या चढत्या सुराची पद्धत इटलीतल्या पार्मा विद्यापीठाच्या आंजेलो फारिना यांनी २००० मध्ये मांडली आणि तीच आता रूढ आहे. कोणत्या क्षणी कोणता सूर सोडला हे सॉफ्टवेअरला माहीत असतं. माइकने पकडलेल्याशी ते ताडून बघितलं की प्रत्येक वारंवारतेला खोलीने किती भर घातली, किती काढून घेतलं आणि किती वेळ धरून ठेवलं, हे सगळं एकाच मोजमापातून निघतं.

पडद्यावर येतो तो फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स. आडव्या रेषेवर हर्ट्झ, उभ्या रेषेवर डेसिबल. इथे पहिली काळजी घ्यायची ती स्मूदिंगची. आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या आकड्यांची सरासरी काढू शकतं. वरच्या सुरांसाठी ते ठीक, पण खाली २०० हर्ट्झपर्यंत स्मूदिंग पूर्ण बंद ठेवायचं. नाहीतर जे शोधायचं तेच पुसलं जातं. आलेख २० ते २०० हर्ट्झएवढाच बघावा. पहिल्यांदा बघणारा बहुतेक दचकतो, कारण चांगल्या स्पीकरचाही आलेख इथे डोंगरदऱ्यांसारखा दिसतो. काही सोय न केलेल्या लहान खोलीत शिखर आणि दरीत वीस डेसिबलचा फरक असणं नेहमीचंच आहे.

मध्यभागी, भिंतीशी आणि मधल्या कुठेतरी

आपल्या खोलीत खुर्ची अगदी मध्यावर आहे असं समजा: दोन्ही आडव्या भिंतींपासून सहा फूट, बाजूच्या भिंतींपासून पाच फूट. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून चारेक फुटांवर असतो, म्हणजे उंचीच्याही मध्याजवळ. खोलीच्या केंद्रात आठपैकी सात मोडचा दाब शून्य असतो. उंचीत थोडा फरक असल्याने किंचित काही ऐकू येईल, एवढंच. उरलेला एकच, लांबीचा दुसरा मोड, ९४ हर्ट्झवर पूर्ण जोरात असतो. आलेखात ४५ ते ८५ पर्यंत खोलगट भाग आणि ९४ ला टेकाड दिसेल. घरच्या स्टुडिओत काम करणारा माणूस इथे बसला की त्याला बेस कमी वाटतो. तो वाढवतो. तेच गाणं मग गाडीत लावलं की नुसतं घुमतं.

आता खुर्ची मागच्या भिंतीला टेकवा. ४७ आणि ९४, दोन्ही तिथे सर्वाधिक. आलेखात दोन उंच सुळके येतात आणि कानाला तो एका सुराचा बेस वाटतो: गाण्यात काहीही वाजो, घुमतं ते तेवढंच.

तिसरी जागा भिंतीपासून साडेचार फुटांवर. मध्य टाळायचा, कारण तिथे ४७ मरतो. तीन फूटही टाळायचं, कारण लांबीच्या चौथाईवर ९४ मरतो. साडेचार फुटांवर हिशेबाने ४७ हर्ट्झचा मोड भिंतीपेक्षा सुमारे आठ डेसिबल खाली येतो आणि ९४ चा तीन. दोघांपैकी कुणी बोंबलत नाही आणि कुणी बेपत्ताही होत नाही. लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा, असा जो ठोकताळा स्टुडिओवाले सांगतात, त्यामागचं कारण हेच. रुंदीच्या मोडचं मात्र यात काही सुधारत नाही. मधल्या रेषेवर बसायचं तर ५६.५ ला खळगा राहणारच.

माइक अशा तीन-चार जागी ठेवून काढलेले आलेख एकमेकांवर ठेवले की एक महत्त्वाची खूण सापडते. मोडचं शिखर त्याच हर्ट्झवर राहतं. जागेप्रमाणे बदलते ती फक्त त्याची उंची. कारण वारंवारता भिंतींमधल्या अंतराने ठरलेली आहे आणि भिंती हललेल्या नाहीत. पण सगळेच खळगे मोडचे नसतात. स्पीकर मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे असेल, तर भिंतीवरून परतलेला आवाज ९४ हर्ट्झला थेट आवाजाच्या नेमका उलटा पडतो आणि तिथे दरी होते. ही ओळखायची कशी? स्पीकर फूटभर मागे सरकवून पुन्हा मोजा. दरी वरच्या हर्ट्झकडे सरकली तर ती स्पीकर आणि भिंत यांच्यातली. जागच्या जागी राहिली तर खोलीची. हा फरक कळला नाही की लोक नको तिथे पैसे घालतात.

हिशेबातले आणि मोजलेले आकडे दोन-चार हर्ट्झनी चुकले तर बिचकू नये. कपाटं, खिडकी, बाल्कनीचं दार यांमुळे खोली कधीच कोरी पेटी नसते. भिंत तिरकी असली म्हणून मोड नाहीसे होत नाहीत. त्यांचा हिशेब फक्त अवघड होतो.

किती जोरात आणि किती वेळ

शिखर दुहेरी त्रास देतं. सूर मोठा होतो आणि वाजवणं थांबल्यावरही रेंगाळतो, कारण भिंतींच्या मधली ये-जा लगेच संपत नाही. सॉफ्टवेअरमधला वॉटरफॉल आलेख हे दाखवतो. त्यात वेळ ही तिसरी दिशा असते आणि बाकीचे सूर जमिनीला टेकल्यावरही मोडचे कणे पुढे येत राहिलेले दिसतात. साध्या आलेखातही याचा अंदाज घेता येतो: शिखर जितकं अरुंद, तितकी आस लांब. टोकापासून तीन डेसिबल खाली शिखराची रुंदी मोजायची आणि २.२ ला तिने भागायचं. ४७ हर्ट्झचं शिखर तिथे दोनच हर्ट्झ रुंद भरलं, तर तो सूर साठ डेसिबल उतरायला सेकंदाहून जास्त घेतो. जलद लयीत एव्हाना पुढचे दोन ठोके पडून गेलेले असतात. बेस ‘चिखल’ वाटतो तो यामुळे.

उपायांत पहिला गैरसमज फोमचा आणि अंड्यांच्या ट्रेचा. आवाज खाणारं सच्छिद्र साहित्य हवेची हालचाल अडवून काम करतं, आणि भिंतीला लागून हवा हलत नसते. तिथे फक्त दाब असतो. ४७ हर्ट्झसाठी हालचाल सर्वाधिक कुठे? भिंतीपासून पाव लहर, म्हणजे सहा फूट आत. दोन इंची फोम तिथवर पोचत नाही. तो वरचे सूर तेवढे खातो आणि खोली आणखी बोथट, आणखी घुमणारी करतो. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत सहा इंच किंवा त्याहून जाड रॉकवूल, मागे हवेची जागा सोडून लावलं, तर ७० हर्ट्झच्या वर चांगला फरक मोजता येतो. ४७ ला थोडाच.

दुसरा गैरसमज इक्वलायझरचा. शिखर त्याने कापता येतं आणि मोड नीट पकडला असेल तर आसही कमी होते. खळगा मात्र भरता येत नाही. तिथे दहा डेसिबल वाढवायचे म्हणजे ॲम्प्लिफायरने दहापट ताकद लावायची. वाढलेल्या लहरी पुन्हा एकमेकींना खोडतात आणि शंकू फाटायची वेळ येते. शिवाय ही दुरुस्ती एका खुर्चीपुरती. शेजारी बसलेल्याचा आलेख वेगळा असतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी फूटपट्टी आणि ५६५ चा भागाकार, मग माइक. त्यानंतर खुर्ची फूट-फूट सरकवत मोजायचं, मग स्पीकर सरकवायचे. या दोन्हींना पैसे पडत नाहीत आणि लहान खोलीत सर्वांत मोठा फरक त्यांनीच पडतो. मग कोपऱ्यांतलं जाड रॉकवूल, आणि अगदी शेवटी उरलेल्या एक-दोन शिखरांपुरता इक्वलायझर. नवा स्पीकर या यादीत नाही, कारण तो कितीही महागाचा आणला तरी बारा फुटांची भिंत बारा फुटांवरच राहणार.